हेडकॅशियरची एका दिवसाची रजा

बँकेत रजा मागायची म्हणजे आधी चेहरा तयार करावा लागतो. मी स्वतः कित्येकदा केलाय. नणंदेच्या साखरपुड्यासाठीसुद्धा आपण असे उभे राहतो, जणू घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. आमचे हेडकॅशियर मात्र रजा मागायचेच नाहीत. दरवर्षी त्यांची किरकोळ रजा वाया जायची आणि मला त्याचा राग यायचा, कारण त्यांच्याकडे बोट दाखवून मॅनेजर आम्हाला ऐकवायचे.

त्यांचं रजा न मागण्याचं कारण तसं साधं होतं. चावी. आमच्या बोरिवलीच्या शाखेत स्ट्राँगरूमचं दार दोन चाव्यांशिवाय उघडत नाही, तसं ते कुठल्याच बँकेत उघडत नाही. एक चावी हेडकॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. दोघांनी सकाळी मिळून दार उघडायचं, संध्याकाळी रोकड जुळली की मिळून लावायचं. दोघांपैकी कुणाला रजा हवी असेल तर आपली चावी दुसऱ्या नेमलेल्या माणसाकडे द्यायची, रजिस्टरमध्ये वेळ लिहून दोघांनी सह्या करायच्या. मी हे सहज करायचे. त्यांना ते जमायचं नाही. चावी दुसऱ्याला देताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा पाळणाघरात मूल सोडणाऱ्या आईसारखा व्हायचा.

अशा माणसाने निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना एका दुपारी डबा खाता खाता सांगितलं, की त्यांना सिरियलमध्ये काम मिळतंय.

माझा घास हातातच राहिला. हा माणूस तरुणपणी बँकांच्या नाट्यस्पर्धेत काम करायचा, एवढं मी ऐकून होते. त्या वेळी एका व्यावसायिक नाटकात त्यांना बोलावणं आलं होतं, पण दौऱ्यासाठी तेव्हाच्या मॅनेजरने रजा दिली नाही आणि त्यांनीही ती परत मागितली नाही. आता त्या काळातल्या कुणा ओळखीच्याने त्यांचं नाव सुचवलं होतं. नायिकेच्या आजोबांची भूमिका होती. थोड्या दिवसांचं काम, शेवटी आजोबा मरतात.

“मेल्यावर मोकळा,” ते म्हणाले. “परवानगी मिळेल का हो मॅडम?”

त्यांनी विचारलं कसं, तर कुजबुजत, आणि तेवढ्या कुजबुजीतही मला कळलं की या माणसाला हे काम किती हवंय. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी लगेच कामाला लागले.

बाहेरच्यांना वाटतं, रजा मिळाली की झालं. तसं नसतं. अभिनय करायची परवानगी वेगळी आणि रजा वेगळी. रजा मॅनेजर देऊ शकतात. परवानगी क्षेत्रीय कार्यालयाकडून यावी लागते, आणि ती आल्याशिवाय रजेवर असतानाही कॅमेऱ्यासमोर उभं राहता येत नाही. आम्ही अर्ज केला. मी मसुदा तीनदा बदलला, मॅनेजरांनी शिफारस लिहिली, आणि बऱ्याच फोनाफोनीनंतर पत्र आलं. अटी अशा, की स्वतःच्या खात्यावरची रजा वापरायची, बँकेचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही, मानधन कळवायचं, आणि बँकेच्या कामाला बाधा येता कामा नये. बाधा आली तर परवानगी रद्द. ते पत्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून वाचलं. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि काउंटरवर जाऊन बसले.

त्यांनी साठलेल्या रजेतून पंधरवडा घेतला. त्यांच्या जागी आमच्याकडची एक तरुण क्लार्क चावी सांभाळू लागली, हुशार पण जरा घाबरट मुलगी. सगळं सुरळीत चाललं होतं. पण सिरियलचं वेळापत्रक म्हणजे आपल्या नळाचं पाणी. नायिका तापाने आडवी झाली, चित्रीकरण पुढे ढकललं गेलं, आणि आजोबांचा मृत्यू तेवढा राहिला. रजा संपली, हेडकॅशियर जिवंतच परत आले.

मग महिनाअखेरीला प्रॉडक्शनमधून फोन. मृत्यू एक तारखेला.

एक तारीख म्हणजे पेन्शनचा दिवस. सकाळपासून शाखेत आजी-आजोबांची रांग असते. त्या दिवशी हेडकॅशियर नसणं म्हणजे लग्नघरात आचारी नसणं. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “राहू दे मॅडम. त्यांना सांगतो, आजोबांना परस्पर मारा. फोटोला हार घालतात ना, तसं.”

मी वैतागले. मी म्हटलं, तुम्ही अर्ज लिहा, एक किरकोळ रजा. मॅनेजरकडे मी जाते. मॅनेजर आधी उसळले, पण मग त्यांनी सही केली. एकच सांगितलं, की त्या दिवशी काउंटर थांबता कामा नये.

आदल्या संध्याकाळी रोकड जुळवली, स्ट्राँगरूममधली तिजोरी लावली. हेडकॅशियरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, दोन चाव्या सुपूर्द, एक तिजोरीची आणि एक स्ट्राँगरूमच्या दाराची. त्यांनी सही केली, मुलीने सही केली. तिजोरीची चावी तिला दिली. मग आम्ही स्ट्राँगरूमचं दार ओढलं, मी माझी चावी फिरवली, त्यांनी त्यांची फिरवली. आणि तीस वर्षांच्या सवयीने ती चावी त्यांच्या हातातून सरळ त्यांच्या कमरेला बांधलेल्या कापडी कप्प्यात गेली. मी शेजारी उभी होते. मुलगी समोर उभी होती. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण तो हात तसा कमरेकडे जाताना आम्ही रोजच बघत होतो.

सकाळी बाहेर पेन्शनर जमलेले आणि आत आम्ही दोघी दारासमोर. ती मुलगी आपल्या पर्समध्ये हात घालून बघते, परत बघते, आणि हळूहळू पांढरी पडते.

हेडकॅशियरांचा फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. सेटवर फोनचा आवाज बंद करून तो बाजूला ठेवतात. चाव्यांचा दुसरा जोड असतो, पण तो दुसऱ्या शाखेत मोहोरबंद ठेवलेला असतो आणि तो काढायचा तर क्षेत्रीय कार्यालयाला कारण कळवावं लागतं. कारण काय कळवायचं? हेडकॅशियर चावी घेऊन शूटिंगला गेले. ज्या विभागाने परवानगीचं पत्र दिलं, त्याच विभागाच्या टेबलावर ते पडलं असतं. परवानगी गेली असती, वर चौकशी, आणि तीही निवृत्तीच्या तोंडावर.

मॅनेजरांनी मला केबिनमध्ये घेतलं. म्हणाले, “बारापर्यंत मी लोकांना चहा पाजतो. नंतर मला फोन करावाच लागेल.”

मी पर्स उचलली आणि रिक्षात बसले. खरं सांगायचं तर त्या धावपळीतही मला मनातून शूटिंग बघायची हौस होती.

गोरेगावच्या स्टुडिओच्या फाटकावर मला कुणी आत सोडेना. सिरियलचं नाव सांगितलं, तर कुठलं युनिट विचारलं. शेवटी मी बँकेचं ओळखपत्र दाखवून इतक्या गंभीर आवाजात ‘बँकेतून आलेय’ म्हटलं, की सुरक्षारक्षकाला वाटलं निर्मात्याच्या घरावर जप्ती आहे. त्याने घाईघाईने एका पोराला माझ्याबरोबर दिलं.

बाहेरून तो पत्र्याचा गोदामासारखा सांगाडा. आत शिरले आणि थांबले. समोर कोकणातलं घर होतं. ओटी, झोपाळा, माजघर, भिंतीला धुराचा काळपटपणा. वर बघितलं तर छप्पर नाही, दिव्यांच्या रांगा. मी एका भिंतीला हात लावला, ती प्लायवूडची निघाली आणि हलली. एका बाईने माझ्यावर डोळे वटारले.

माजघरात खाटेवर एक म्हातारा पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि इकडेतिकडे आमच्या हेडकॅशियरांना शोधू लागले. कुठे कोपऱ्यात खुर्चीवर बसले असतील म्हणून. कुणीतरी ‘सायलेन्स’ म्हटलं, माणसं जिथल्या तिथे थांबली. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. तो कुणाची तरी वाट बघत होता. त्याला जे दिसत होतं ते दार नव्हतं, त्यामागची वाट होती, पाऊलवाट, पार खालच्या बंधाऱ्यापर्यंत. मीही तिकडे बघितलं. तिथे एक पंखा आणि वायरींचं भेंडोळं होतं.

मग त्याने मान वळवली आणि मला ओळख पटली. अकरा वर्षं ज्यांच्यासमोर बसून मी डबा खाल्ला, ते हे. नजर, श्वाससुद्धा त्यांचा नव्हता. दाढीचे खुंट आणि मेकअप म्हणून नाही. त्यांनी स्वतःला कुठेतरी ठेवून दिलं होतं आणि दुसरंच कुणी आणून खाटेवर झोपवलं होतं. मला एकदम भीती वाटली, देवळात गाभाऱ्याच्या फार जवळ गेल्यावर वाटते तशी.

‘कट’ झालं. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि आजोबा क्षणात नाहीसे झाले. उठून बसले ते आमचे हेडकॅशियर. हात कमरेला गेला. धोतराच्या आत त्यांनी आपला तो कप्पा बांधलेलाच होता. बोटांना चावी लागली आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मेकअपची गरजच उरली नाही.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “द्या इकडे. अजून वेळ आहे.”

त्यांनी चावी काढली. माझ्याकडे बघितलं. आणि मूठ मिटली.

“तुमची तुमच्याजवळ आहे ना?”

“पर्समध्ये आहे.”

“मग कशी देऊ? दोन्ही चाव्या एका हातात?”

मला रडावं की ओरडावं कळेना. मी म्हटलं, अहो, मी काय रोकड घेऊन पळणार आहे? ते म्हणाले तसं नाही, पण रजिस्टरमध्ये नाव मुलीचं आहे. मी दात ओठ खाल्ले. पण त्यांचं बरोबर होतं आणि मलाही ते ठाऊक होतं. मग ते म्हणाले की मी स्वतःच येतो, दार उघडतो आणि परत येतो. तेवढ्यात शेजारी उभी राहिलेली दिग्दर्शिका म्हणाली, “आजोबा, तुम्ही उठून गेलात तर आजचं सगळं गेलं. तुमच्या मुलाचं काम करणारे दुपारी दुसऱ्या सेटवर आहेत.” ती चिडून नाही, काळजीने बोलली.

मी मॅनेजरना फोन केला. मुलीला रिक्षात बसवा म्हटलं. ती येईपर्यंत मला तिथून हलता येईना, कारण बँकेच्या दृष्टीने ती चावी आता माझ्या डोळ्यांसमोर असणं बरं. त्यांनी ती पुन्हा कमरेला बांधली आणि खाटेवर आडवे झाले.

त्यानंतरचे टेक मी एका रंगाच्या डब्यावर बसून बघितले. प्रसंग असा, की वर्षानुवर्षं अबोला धरलेला मुलगा येतो, म्हातारा त्याच्याकडे बघतो, काहीच बोलत नाही, आणि जातो. सिरियलमधलं मरण म्हणजे मागे सनई, पुढे किंकाळ्या, मी घरी अशा वेळी भाजी चिरायला उठते. पण इथे सनई नव्हती. इथे फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो एकेक पायरी उतरत होता. चहाचे पेले धरून उभा असलेला माणूस तसाच उभा. मुलाचं काम करणारा नट, चांगला नावाजलेला, त्याचे डोळे पहिल्याच वेळी भरून आले.

तरी दिग्दर्शिकेचं समाधान होईना. ती खाटेशी उकिडवी बसली. म्हणाली, “फार सुंदर करताय. पण तुम्ही जात नाही आहात. शेवटच्या क्षणी काहीतरी धरून ठेवताय.”

ते हो म्हणाले. पुन्हा टेक, पुन्हा तेच. या वेळी मी नीट बघितलं आणि मला दिसलं. अगदी शेवटी, डोळे स्थिरावताना, उजव्या हाताची बोटं किंचित आत वळत होती, कमरेकडे. तिथे जमलेल्या सगळ्या माणसांत ते कशामुळे हे एकट्या मला माहीत होतं. बाकी सगळं त्यांनी आजोबांना देऊन टाकलं होतं. तेवढी एक जागा बँकेची होती.

ती मुलगी धापा टाकत आली तेव्हा दिवे बदलायचं काम चाललं होतं. कॅमेरा पार त्यांच्या चेहऱ्यावर आणला होता, आणि जागा हलू नये म्हणून त्यांना उठू देत नव्हते. नाकात कापूस नव्हता एवढंच, बाकी तयारी पूर्ण. मुलगी खाटेजवळ जाईना. मी तिला हाताला धरून नेलं. तिने कागद आणला होता, शाबास तिची. मी वेळ लिहिली. हेडकॅशियरांनी पडल्या पडल्या, मान न हलवता, चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि पालथ्या मनगटाने सही केली. तिने सही केली. चावीची सुपुर्दगी झाली. आजूबाजूच्या कुणाला हसू आलं नाही. का ते मला सांगता येणार नाही, पण सगळे पूजेला उभे असल्यासारखे गप्प होते.

“संध्याकाळी क्लोजिंगला मी येतो,” ते छताकडे बघत म्हणाले. “हिला एकटीला जमायचं नाही. इथून थेट येतो. आणि ते पत्र... माझ्यामुळे आज बाधा आली हे मी लिहून देईन.”

मी वाकले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी कधी अधिकाऱ्यासारखी बोलले नव्हते, वयाने ते मोठे. त्या वेळी बोलले.

“तुम्ही काही लिहून देणार नाही आणि कुठेही येणार नाही. आज तुम्ही रजेवर आहात. मंजूर झालेली रजा आहे. आम्ही दोघी आहोत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उजवा हात सवयीने कमरेकडे निघाला, वाटेत थांबला, आणि खाली अंथरुणावर पडला. तसाच पडून राहिला.

आम्ही दोघी दाराकडे वळलो, पण दोन पावलं टाकतो तोच ‘सायलेन्स’ आणि मागे दार बंद. टेक सुरू झाला की बाहेरही जाता येत नाही. पर्स पोटाशी धरून आम्ही प्लायवूडच्या भिंतीला न टेकता उभ्या राहिलो. एकीच्या पर्समध्ये एक चावी, दुसरीच्या पर्समध्ये दुसरी.

म्हाताऱ्याने मुलाकडे बघितलं. या वेळी त्या नजरेत माफी नव्हती, तक्रारही नव्हती, नुसती ओळख होती. श्वास आत गेला. आम्ही सगळे तो बाहेर यायची वाट बघत राहिलो. मग तो आला, फार सावकाश, आणि त्याच्याबरोबर कपाळ, गाल, खांदे, सगळं सैल होत गेलं. बोटं उघडी होती. उघडीच राहिली. माझ्या शेजारच्या मुलीने माझा दंड गच्च धरला. मी मनाशी ‘हे खोटं आहे’ म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिग्दर्शिकेने ‘कट’ म्हटलं तेव्हा कुठे दार उघडलं.

बाराच्या आत आम्ही दोघींनी स्ट्राँगरूमचं दार उघडलं. त्या संध्याकाळी रोकड पहिल्या फटक्यात जुळली, आणि ते आले नाहीत.